नायक्विस्टमध्ये −१ ला वेढा पडतोय, तरी लूप स्थिर? कुठं चुकतंय?

गोदाकाठची (नांदेड)

नमस्कार. इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे उष्णता सोडणाऱ्या रिॲक्टरचं तापमान काबूत ठेवण्याचा, आणि सगळं काम सिम्युलेशनमध्येच आहे. रिॲक्टर मुळातच अस्थिर आहे. तापमान एक अंश चढलं की रिॲक्शन वेग घेते, त्यातून आणखी उष्णता निघते आणि तापमान आणखी चढतं. जॅकेटमधून थंड पाणी फिरतं, त्याच्या व्हॉल्व्हला साधा प्रपोर्शनल कंट्रोलर जोडलाय. वेळ मिनिटांत धरली आहे.

L(s) = K / ((s − 1)(0.1s + 1)²)

(s − 1) हा रिॲक्टर. दोन लॅगपैकी एक व्हॉल्व्ह आणि जॅकेटचा, दुसरा तापमापकाचा, दोन्ही सहा-सहा सेकंदांचे.

K पाच ठेवला. प्लॉट −५ पासून निघतो, अक्षाच्या खाली उतरतो आणि −०.३१ च्या आसपास पुन्हा अक्षावर येतो. आरशातली अर्धी बाजू काढली की −१ बरोबर मधे सापडतो, म्हणजे वेढा आहेच. पण सिम्युलेशनमध्ये तापमान दोन-तीन हेलकावे खातं आणि अडीच मिनिटांत शांत होतं. गाईड सर म्हणतात, "वेढा आहे ना? मग अस्थिर. सिम्युलेशन तपास." तीन दिवस तपासतेय, चूक सापडत नाही.

---

बोडेवाला (छ. संभाजीनगर)

सर बरोबर सांगतायत. −१ ला वेढा पडला की लूप अस्थिर, यात चर्चा कसली? मी क्लासमध्ये पोरांना हेच सांगतो: प्लॉट −१ च्या उजवीकडून गेला पाहिजे. सिम्युलेशनची स्टेप साइज मोठी असेल, ती कमी कर. आणि गेन उतरव. K ०.८ ठेवलास तर प्लॉट −०.८ पासूनच सुरू होईल, −१ बाहेर राहील. प्रश्न मिटला.

---

गोदाकाठची

स्टेप साइज शंभर पटीनं कमी केली, उत्तर तेच आलं. मग तुमच्या सांगण्यावरून K ०.८ करून बघितला. पहिलं मिनिट काहीच वाटलं नाही. नंतर तापमान चढायला लागलं ते थांबेचना, दर तीन मिनिटांनी दुप्पट. एकही हेलकावा नाही, सरळ चढण. वेढा नाही तर अस्थिर आणि वेढा आहे तर स्थिर, असं उलटं चाललंय. डोकं फिरायची वेळ आलीय.

---

ठिबक_औसा

ताई, माझं बी सेम. सोलर पंपाला व्हीएफडी आहे, ठिबकच्या मेन लाइनवर प्रेशर सेन्सर बसवलाय. दीड किलोवर ठेवा म्हणलं तर प्रेशर एक आणि दोनच्या मधी झोकं घेतंय. लूप स्थिर करायला कोणचा स्टॅबिलायझर बसवावा? कंपनीवाला फोन उचलत नाही.

---

जुना_खिळा (परभणी)

औसावाले दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे, तुमच्याकडं नंतर येतो.

गोदाकाठची, तुझं सिम्युलेशन बरोबर आहे. बोडेवाल्यांचा नियमही खरा आहे, पण तो अर्धा आहे. ओपन लूप स्वतः स्थिर असेल तेव्हाच तो चालतो. तुझा रिॲक्टर लूप जोडण्याआधीच पळणारा आहे, त्यामुळं तुला पूर्ण नियम लागणार.

असं बघ. −१ वर एक खुंटी ठोक. वक्रावरून एक बैल चालतोय आणि त्याचं दावं खुंटीला बांधलंय. ते दावं म्हणजे 1 + L. फ्रिक्वेन्सी वजा अनंतापासून अधिक अनंतापर्यंत गेली की बैल पूर्ण वाट चालून जागेवर आला. आता खाली बसून दाव्याचे खुंटीला किती वेढे पडले ते मोज, आणि कोणत्या दिशेनं पडले तेही. वेढा आहे की नाही एवढंच विचारणारा माणूस दिशा विसरतो, आणि तुझ्या प्रश्नाची सगळी गोम दिशेतच आहे.

घड्याळाच्या दिशेनं पडलेल्या वेढ्यांना आपण प्रदक्षिणा म्हणू, देवळात आपण तशीच घालतो. विरुद्ध दिशेची ती उलटी प्रदक्षिणा. हिशेब असा: ओपन लूपमध्ये उजव्या अर्ध्यातले पोल जितके, म्हणजे P, त्यात प्रदक्षिणा मिळव आणि उलट्या प्रदक्षिणा वजा कर. उरतील तितके क्लोज्ड लूपचे अस्थिर पोल. म्हणजे ओपन लूपमध्ये एक अस्थिर पोल असेल तर तुला बरोबर एक उलटी प्रदक्षिणा *पाहिजेच*. ती पडली नाही तर तो पोल जागच्या जागी राहिला समज.

आता तुझा K पाचचा प्लॉट चालून बघू. शून्य फ्रिक्वेन्सीला बैल −५ वर, खुंटीच्या डावीकडं. फ्रिक्वेन्सी वाढते तसा तो अक्षाच्या खाली उतरतो आणि −०.३१ ला वर येतो, म्हणजे खुंटीच्या उजवीकडं. डावीकडून खालून उजवीकडं, ही घड्याळाच्या उलटी अर्धी फेरी. पुढं ओरिजिनपाशी घुटमळतो, तिथं दावं फारसं हलत नाही. उरलेली अर्धी फेरी आरशातल्या बाजूची. एकूण एक उलटी प्रदक्षिणा. एक वजा एक, शून्य. लूप स्थिर.

K ०.८ ला सगळा वक्र खुंटीच्या उजवीकडं. वेढा शून्य, पोल एक, म्हणून तापमान पळालं. हेलकावा दिसला नाही, कारण राहिलेला पोल एकटा आणि वास्तव अक्षावर आहे.

गाईड सरांना हे दाखवताना "तुम्ही चुकलात" म्हणू नकोस. "P एक आहे, सर" एवढंच म्हण.

---

मोकळा_वेळ (अंबाजोगाई)

दाव्याचं उदाहरण आवडलं. त्यात एक भर घालतो. K वीस केला तर प्लॉट −२० पासून निघतो, खाली उतरतो आणि −१.२३ ला अक्षावर येतो. म्हणजे अजून खुंटीच्या डावीकडंच. शंकराच्या देवळात सोमसूत्री प्रदक्षिणा घालतो तसं झालं: पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं. चाललो भरपूर, निव्वळ फेरी शून्य. त्यानंतर वक्र अक्षाच्या वर जातो आणि वरून ओरिजिनकडं येतो. डावीकडून वरून उजवीकडं, ही सरळ अर्धी प्रदक्षिणा. आरशासकट एक. एक अधिक एक, म्हणजे दोन अस्थिर पोल. या वेळी तापमान नुसतं चढणार नाही, वाढत्या झोक्यांनी पळेल.

ज्यांचा चित्रावर विश्वास नाही त्यांनी मुळं काढून बघावीत. समीकरण सोडवलं की s³ + 19s² + 80s + 100(K − 1) उरतं.

```python
import numpy as np
for K in (0.8, 5, 20):
    print(K, np.roots([1, 19, 80, 100*(K-1)]))
```

०.८ ला एक मूळ +०.२४ वर, पाचला तिन्ही डावीकडं, वीसला ०.४० ± ९.८j अशी जोडी उजवीकडं. राउथ लावला तर K एकपेक्षा जास्त आणि १६.२ पेक्षा कमी हवा. त्या १६.२ ला वक्र बरोबर −१ वरून जातो.

जाता जाता: हॅरी नायक्विस्ट आधी एटी अँड टीमध्ये होता, नंतर बेल लॅबमध्ये. १९३२ च्या त्याच्या मूळ लेखात खुंटी −१ वर नव्हती, +१ वर होती. फीडबॅकचं ऋण चिन्ह आपण बाहेर काढून ठेवतो, तो आतच धरत होता. जुना लेख कुणी उघडला तर गोंधळू नका.

---

बोडेवाला

ठीक आहे, P चा मुद्दा मान्य. परीक्षेत बहुतेक वेळा P शून्यच येतो, त्यामुळं हात तसाच बसलाय.

पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा कंट्रोलरमध्येच (s − 1) टाका ना. वर-खाली कटलं की L मध्ये अस्थिर पोल राहतच नाही. P शून्य, वेढा शून्य, माझा सोपा नियम पुन्हा लागू.

---

मोकळा_वेळ

कागदावर कटेल, रिॲक्टरमध्ये नाही. कंट्रोलरचा झिरो रिॲक्टरच्या पोलला झाकतो, पोल तिथंच राहतो. लोडकडून, म्हणजे फीडचं तापमान बदललं की जो धक्का आत शिरतो तो त्या पोलला थेट लागतो आणि कंट्रोलरला तो दिसतच नाही. प्लॉट अगदी देखणा येईल, कारण जे कटलं ते प्लॉटमधून गेलं. कटण्याआधी उजवीकडं काय होतं ते मोजणं म्हणूनच महत्त्वाचं. शिवाय खरा पोल १.०० वर नसून १.०३ वर असला तर कटणारही नाही.

---

बोडेवाला

हं. मागं घेतो.

---

शिफ्ट_इन्चार्ज (वाळूज)

हा धागा वाचून एक जुनी गोष्ट आठवली, म्हणून लिहितोय. आमच्याकडे एक छोटा, सतत चालणारा रिॲक्टर आहे. मे महिना, बाहेर बेचाळीस, कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. तापमान जरा झोके घ्यायला लागलं. मी तेच केलं जे सगळे करतात: गेन एकदम चौथाईवर आणला. म्हटलं, लूप ढिला केला की शांत बसेल. झोके गेले. लॉगबुकात "ओके" लिहिलं आणि चहाला गेलो. पाऊण तासानं परत आलो तर ट्रेंडची रेघ वर वाकलेली, आणि प्रत्येक पाच मिनिटांत आधीच्यापेक्षा जास्त वाकतेय. फीड तोडलं, ब्राइन उघडलं, निभावलं. चौकशीत ठपका व्हॉल्व्हवर बसला. व्हॉल्व्ह काढून बघितला, तो ठणठणीत होता.

तेव्हापासून मला एकच प्रश्न आहे. गेन कमी केल्यावर लूप पळतो कसा?

---

जुना_खिळा

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वरच्या आलेखात −५ या एका बिंदूत आहे.

शून्य फ्रिक्वेन्सीला वक्र −K वर असतो. त्या बिंदूचा अर्थ रिॲक्टरच्या भाषेत असा: तापमान एक अंश चढल्यावर रिॲक्शन जितकी जास्तीची उष्णता सोडते, त्याच्या किती पट जास्तीची उष्णता तुमचं पाणी शेवटी ओढून नेतं? K पाच म्हणजे पाचपट. K एकच्या खाली आला की पाणी रिॲक्शनला कमी पडतं. मग कंट्रोलर कितीही मनापासून काम करत असला तरी हळूहळू, न झोकता तापमान चढतच जाणार. अशा लूपला गेनची वरची हद्द असते तशी खालचीही असते. वर गेलात तर झोके घेत पळतो, खाली गेलात तर सरळ पळतो. तुमची वर वाकलेली रेघ दुसऱ्या जातीची.

आता मे महिना. मला शंका आहे की दोन गोष्टी एकदम झाल्या. तुम्ही कंट्रोलरचा गेन चौथाईवर आणला ही एक. दुसरी म्हणजे पाणी कोमट, त्यामुळं व्हॉल्व्ह आधीच जवळजवळ पूर्ण उघडा असणार. तिथं अजून दहा टक्के उघडला तरी उष्णता फारशी जास्त निघत नाही. म्हणजे लूपचा खरा गेन तुमच्या स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा आधीच खाली घसरला होता. वक्राचं डावं टोक −१ च्या जवळ सरकलं होतं, आणि तुम्ही ते खुंटीच्या उजवीकडं ओढून घेतलं. उलटी प्रदक्षिणा गेली.

त्या दिवशी व्हॉल्व्ह किती टक्क्यांवर होता ते आठवतंय का?

---

शिफ्ट_इन्चार्ज

नव्वदच्या वर होता, एवढं नक्की. ट्रेंड काढून बघतो.

पण एक सांगतो, रागावू नका. ताईंचे सहा सेकंद वाचून हसू आलं. आमच्या तापमापकावर स्टीलचा जाड थर्मोवेल आहे. त्यात आरटीडी सैल बसलाय, मधे हवा. सहा सेकंदांत त्याला पाणी गरम झाल्याचं कळत पण नाही. पुस्तकातला रिॲक्टर आणि आमचा रिॲक्टर वेगळे.

---

गोदाकाठची

आकडे मी सोयीचे घेतले होते, कबूल. मग खऱ्या लॅगला हे चित्र चुकीचं ठरतं का?

---

जुना_खिळा

सेकंद आणि मिनिटं वक्राला कळत नाहीत, गुणोत्तर कळतं. तुझा रिॲक्टर एका मिनिटाचा आणि लॅग सहा सेकंदांचा. त्याऐवजी रिॲक्टर दहा मिनिटांचा आणि लॅग एक-एक मिनिटाचा धरलास तरी वक्र जसाच्या तसा, फक्त बैल दहापट सावकाश चालतो. त्यामुळं वाळूजच्या रिॲक्टरचा थर्मोवेल जाड आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. रिॲक्टर किती वेगानं पळतो त्याच्या मानानं तो किती जाड, हा खरा प्रश्न.

आणि इथं मला या चित्राची सगळ्यात उपयोगी गोष्ट दिसते. उलटी प्रदक्षिणा होण्यासाठी वक्रानं −K पासून निघाल्यावर *आधी खाली* उतरलं पाहिजे. खाली ओढतो रिॲक्टरचा अस्थिर पोल, कारण फ्रिक्वेन्सी वाढताना त्याची फेज पुढं सरकते. वर ढकलतात दोन लॅग. सुरुवातीलाच या दोघांची ओढाताण असते. एकेक लॅग रिॲक्टरच्या काळाच्या दहावा भाग असला तर रिॲक्टर सहज जिंकतो, वक्र चांगला खोल पोट काढतो आणि K ला एक ते १६.२ एवढी ऐसपैस जागा मिळते. लॅग तीन दशांश झाला की पोट चपटं होतं, जागा एक ते ३.२७ उरते. लॅग निम्मा झाला की वक्र खाली उतरतच नाही, निघतो तोच वर. मग K कितीही ठेवा, उलटी प्रदक्षिणा नाही. नुसत्या प्रपोर्शनल कंट्रोलरनं असा रिॲक्टर कुणाच्याही हातून स्थिर होणार नाही.

म्हणून शिफ्ट_इन्चार्ज, तुमच्या लूपमध्ये गेन वर केला तर झोके, खाली केला तर पळापळ, असं दोन्हीकडून होत असेल तर ट्यूनिंगच्या नादी लागू नका. थर्मोवेल काढा.

---

ठिबक_औसा

मालक, माझ्याकडं कधी येताय? इथं रिॲक्टरच चाललाय. मिरच्या वाळून चालल्यात.

---

जुना_खिळा

आलो दादा. तुमचा पंप सोडून दिला तर पळत नाही, एका प्रेशरवर बसतो. म्हणजे तुमच्याकडं उलटी प्रदक्षिणा वगैरे काही लागत नाही. बोडेवाल्यांचा साधा नियम तुम्हाला लागू आहे, आणि गेन कमी करणं तुमच्यासाठी खरंच सुरक्षित आहे. स्टॅबिलायझर विकत घेऊ नका, तो व्होल्टेजचा असतो. व्हीएफडीच्या पीआयडी सेटिंगमध्ये P चा आकडा निम्मा करा, I चा वेळ दुप्पट करा. सेन्सर पंपापासून लांब, शेताच्या टोकाला बसवला असेल तर तो पंपाजवळ, फिल्टरच्या पुढं आणा. प्रेशरमधला बदल टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो तेवढा वक्र खुंटीकडं ढकलला जातो.

---

ठिबक_औसा

सेन्सर टोकालाच आहे. प्लंबर म्हणला तिथं बसवलं की शेवटच्या झाडालाबी पाणी पोचतंय. बघतो.

---

गोदाकाठची

सरांना दाखवलं. "P एक आहे" म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, ऑफसेट कसा घालवणार?" म्हणून इंटिग्रल जोडलं, दोन मिनिटांचं. K पाचच. सिम्युलेशन स्थिर आहे, ऑफसेटही गेला. पण आता नायक्विस्ट प्लॉट बंदच होत नाही. एक टोक वर अनंतात जातं, एक खाली अनंतात. मी ती दोन्ही टोकं उजवीकडून मोठ्या वर्तुळानं जोडली आणि दोन उलट्या प्रदक्षिणा आल्या. एक वजा दोन, उणे एक. उणे एक अस्थिर पोल म्हणजे काय?

---

मोकळा_वेळ

उणे पोल आला की समजायचं, मोजणी चुकली. उलट ते बरंच झालं, चूक लगेच दिसली.

इंटिग्रलचा पोल ओरिजिनवर आहे, आपल्या वाटेवरच. त्याला उजवीकडून छोटा अर्धवर्तुळाकार वळसा घालून पुढं जायचं. म्हणजे तो पोल अस्थिर पोलांत धरायचा नाही, P एकच राहतो. त्या छोट्या वळशाचं L च्या पटलावर प्रचंड मोठं अर्धवर्तुळ होतं. ते कोणत्या बाजूनं जातं हे अंदाजानं ठरवायचं नाही. ओरिजिनच्या अगदी जवळ, उजवीकडं, एक लहानसा धन s घे आणि L मध्ये टाक. तुझ्या L मध्ये (s − 1) आहे, तो तिथं जवळजवळ −१ होतो, त्यामुळं L प्रचंड मोठा आणि *ऋण* येतो. म्हणजे अर्धवर्तुळ डावीकडून जातं. स्थिर प्लांटला इंटिग्रल जोडलं की ते उजवीकडून जातं, तीच सवय तुला नडली. सॉफ्टवेअर ते अर्धवर्तुळ काढून दाखवत नाही, हा आणखी घोळ.

आता पुन्हा मोज. वरच्या टोकाकडून निघालेला वक्र −१ च्या डावीकडून अक्ष ओलांडून खाली, तिथून उजवीकडं. ही पाऊण फेरी उलटी. आरशातली पाऊण, मिळून दीड. डावीकडचं मोठं अर्धवर्तुळ घड्याळाच्या दिशेनं अर्धी फेरी, ती वजा. उरली एक. पोल एक, उत्तर शून्य.

K ची जागा मात्र आक्रसली. आधी १ ते १६.२ होती, आता माझ्या हिशेबानं १.१४ ते १४.२६. ऑफसेट घालवण्याची किंमत.

---

गोदाकाठची

धन s टाकून बघायची युक्ती कुणीच शिकवली नव्हती. बरोबर आलं.

---

शिफ्ट_इन्चार्ज

अपडेट. परवा स्टँडबाय थर्मोवेल काढला, स्टोअरमधल्या गरम पाण्याच्या बाथमध्ये बुडवला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. फरकाच्या ६३ टक्के दाखवायला ५२ सेकंद. मग आत थर्मल पेस्ट भरली, आरटीडी तळाला टेकेपर्यंत ढकलला, पुन्हा बुडवला. २७ सेकंद. म्हणजे निम्मा लॅग नुसत्या हवेचा होता.

ट्रेंडही मिळाला. त्या दिवशी व्हॉल्व्ह ९४ टक्क्यांवर होता.

आता अडलंय ते एवढ्यावर: माझा रिॲक्टर किती वेगानं पळतो ते मला माहीत नाही. P एक आहे की शून्य हेही खात्रीनं सांगता येत नाही. हिवाळ्यात तर तो शांत वाटतो. लूप उघडून बघायचं म्हटलं तर सेफ्टीवाले मला उघडतील.

---

जुना_खिळा

लूप उघडायचा नाहीच. अस्थिर प्लांटचा रिस्पॉन्स लूप उघडून मोजता येत नाही, मोजेपर्यंत तो हातातून गेलेला असतो. लूप चालू ठेवूनच व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या आदेशात बारीकशी साइन मिसळा. मिसळण्याच्या आधीचा आणि नंतरचा सिग्नल, दोन्ही रेकॉर्ड करा. त्यांच्या गुणोत्तरावरून, चिन्ह सांभाळून, ओपन लूपचा वक्र मिळतो.

आणि मग हिशेब उलटा लावा. चाचणीच्या वेळी लूप स्थिर चाललाय हे तुम्ही डोळ्यांनी बघताय, म्हणजे क्लोज्ड लूपचे अस्थिर पोल शून्य. मग उलट्या प्रदक्षिणा जितक्या मोजाल तितका P. एक आली तर रिॲक्टर पळणारा आहे, शून्य आली तर नाही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण हे सगळं एका ठरावीक तापमानाच्या आणि फीडच्या आसपासच खरं. व्हॉल्व्ह ९४ वर असताना मात्र करू नका. साइनचा वरचा भाग कापला गेला की मोजलेला वक्र कशाचाच नसतो.

---

मोकळा_वेळ

इथं माझी शंका. डावं टोक कुठं आहे हे कळायला खूप खालची फ्रिक्वेन्सी लागेल. मिनिटाला ०.१ रेडियन म्हणजे एक आवर्तन ६३ मिनिटांचं, आणि एका आवर्तनात भागत नाही. तेवढ्या वेळात फीड, पाणी, बाहेरचं ऊन, सगळं बदलतं. मोजलेला वक्र तिथं गढूळच येणार, आणि नेमकं तेच टोक −१ च्या कोणत्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून.

---

जुना_खिळा

खरंय. त्या टोकासाठी मी उष्णतेच्या ताळेबंदावर जास्त विसंबेन. रिॲक्शनची उष्णता अंशामागं किती वाढते आणि जॅकेट अंशामागं किती ओढतं, हे दोन आकडे प्रोसेसवाल्यांकडं असायला हवेत. साइनचा वक्र वरच्या हद्दीसाठी वापरायचा. तरी ताळेबंदातला आकडा वीस टक्क्यांनी चुकलेला असला तर काय, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

---

शिफ्ट_इन्चार्ज

प्रोसेसवाल्यांना मेल टाकलाय. साइनची परवानगी प्रॉडक्शनवाले दिवाळीच्या शटडाऊनआधी देत नाहीत. तोवर गेनच्या आकड्याशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे: "उन्हाळ्यात कमी करू नये. आधी फीड कमी करा." नाइट शिफ्टवाल्यानं खाली पेननं लिहिलंय, "का?"